छायाचित्रकाराचा परिचय: विषय, अंतर आणि काळ

छायाचित्रकार आपल्या निवडक छायाचित्रांचा जो संच संपादकापुढे, प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेपुढे किंवा शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीपुढे ठेवतो, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात, आणि त्या संचासोबत शंभर-दीडशे शब्दांपर्यंतचा जो मजकूर जातो, त्याला या प्रकरणात ‘परिचय’ म्हटले आहे. हा परिचय वाचणाऱ्याला एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर हवे असते: हा माणूस कशाकडे पाहतो, किती काळ पाहत आला आहे आणि कुठे उभा राहून पाहतो? कॅमेऱ्याचे नाव, लेन्सची यादी आणि दिव्यांची संख्या यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण तेच सामान दुसऱ्या कोणाकडेही असू शकते. तरीही मराठवाड्यातील अनेक छायाचित्रकारांचे परिचय सामानाच्या यादीनेच सुरू होतात, आणि या सवयीमागे एक समजण्यासारखे व्यावहारिक कारण आहे.

लातूर, उदगीर, नांदेड यांसारख्या गावांत छायाचित्रणाचा मुख्य आधार लग्नसराई हाच आहे. लग्नघरचा माणूस छायाचित्रकार ठरवतो तेव्हा तो एका अर्थाने दिवसभरासाठी सामानही भाड्याने घेत असतो. ड्रोन येणार का, क्रेन येणार का, अल्बम किती पानांचा, हे प्रश्न तो विचारतो आणि विचारायलाच हवेत. त्यामुळे स्टुडिओच्या कार्डावर ही यादी छापली जाते आणि तिथे ती योग्यही असते. अडचण निर्माण होते ती तेच कार्ड पुढे परिचय म्हणून वापरले जाते तेव्हा, कारण दरपत्रक वाचणारा आणि छायाचित्रे वाचणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. पहिल्याला एका दिवसाची सेवा हवी असते, तर दुसरा कित्येक वर्षांच्या कामाचा अर्थ शोधत असतो.

परिचयाचा हा प्रकार आजचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देण्याची पद्धत होती. साधारण ११ बाय १६.५ सेंटिमीटर आकाराच्या अशा पुठ्ठ्याला कॅबिनेट कार्ड म्हणत, आणि त्याच्या मागच्या बाजूस स्टुडिओचे नाव, मिळालेली पदके आणि आश्रयदात्यांची बिरुदे छापलेली असत. लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचा परिचयही असाच आश्रयावर उभा होता. १८४४ साली जन्मलेले आणि रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले दीनदयाळ पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची राजमान्यताही त्यांना मिळाली. महाल, शिकारी, लष्करी कवायती आणि पाहुण्यांच्या स्वाऱ्या हे त्यांचे नेहमीचे विषय होते, आणि त्या कामासाठी किताबांची नामावळी हाच पुरेसा परिचय होता.

परंतु याच दीनदयाळांच्या नावावर मराठवाड्यातील एक वेगळे कामही आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागात संस्थानाने जे मदतकार्य चालवले, त्याची छायाचित्रे त्यांनी काढली, आणि त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध चित्रात हाडांचे सापळे झालेली माणसे एका रांगेत कॅमेऱ्यापुढे आणली आहेत. या चित्राला दिलेले शीर्षक त्यांना कृशतेचे नमुने म्हणून सादर करते. चित्र काढणारा कुठे उभा आहे, हे इथे स्पष्ट दिसते: तो मदतकार्य चालवणाऱ्या प्रशासनाच्या बाजूने पाहतो आहे, आणि समोरची माणसे त्या प्रशासनाच्या कामाचा पुरावा म्हणून उभी आहेत. हे चित्र म्हणून कमी मोलाचे ठरत नाही. उलट मराठवाड्याच्या दुष्काळाचा इतका थेट दृश्य दस्तऐवज त्या काळातला क्वचितच मिळतो. मात्र किताब आणि राजमान्यता यांचा उल्लेख करणारा परिचय या चित्राविषयी काहीच सांगत नाही, आणि ज्या एका गोष्टीमुळे हे चित्र समजते, म्हणजे ते कोणाच्या आज्ञेने आणि कोणासाठी काढले गेले, ती गोष्ट त्याबाहेरच राहते.

याच सुमारास पॅरिसमध्ये एका छायाचित्रकाराने याच्या अगदी उलट टोकाचा परिचय लिहिला होता. यूजीन आत्जे यांच्या घराच्या दारावर एक पाटी होती, आणि तिच्यावर एवढेच सांगितले होते की येथे कलाकारांसाठी दस्तऐवज मिळतात. आत्जे १८९० च्या दशकापासून १९२७ मध्ये मृत्यू होईपर्यंत जुन्या पॅरिसची दारे, जिने, दुकानांच्या काचा, फेरीवाले आणि पाडकामाच्या वाटेवर असलेल्या गल्ल्या टिपत राहिले. चित्रकार, कारागीर आणि संग्रहालये ती चित्रे विकत घेत. त्या पाटीत विषय आहे, तो कोणासाठी आहे हे आहे, आणि आपल्या कामाला कला न म्हणता दस्तऐवज म्हणण्याची एक भूमिकाही आहे. पुढे १९२६ मध्ये अतिवास्तववादी मंडळींच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे एक चित्र घेण्यात आले, तेव्हा आपले नाव छापू नये असे आत्जे यांनी सांगितले, कारण त्यांच्या मते ते केवळ दस्तऐवज होते. परिचय आणि वागणूक यांचा इतका मेळ छायाचित्रणाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी आढळतो.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण म्हणून अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांच्या कामाकडे पाहता येते. १९८८ पासून वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, परंतु त्यांची ओळख सांगताना कोणताही जाणकार प्रथम त्यांच्या मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील कामाचा उल्लेख करतो. हे कामगार बहुतांश दलित समाजातील आहेत, ते कचरा उचलतात, गटारे साफ करतात, आणि शहर त्यांच्या श्रमावर चालत असूनही शहराच्या नजरेत ते येत नाहीत. ओलवे यांनी त्यांच्या कामाच्या जागा टिपल्या आणि त्यांची घरेही टिपली. काम आणि घर एकत्र आल्यामुळे त्या चित्रांतला कामगार केवळ घाणीत उतरलेला देह राहत नाही, तर संसार असलेला माणूस होतो. ‘मुंबईच्या सफाई कामगारांचे काम आणि घर यांची दीर्घकाळ छायाचित्रे काढणारे वृत्तछायाचित्रकार’ या एका वाक्यात विषय, काळ आणि अंतर ही तिन्ही येतात, आणि कॅमेऱ्याचे नाव त्यात घातले तर वाक्य लांबते, पण माहिती वाढत नाही.

या तीन गोष्टींपैकी ‘अंतर’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करायला हवा. छायाचित्रकार आणि समोरचा माणूस यांच्यात किती मीटर जागा आहे, एवढाच तो अर्थ नाही. छायाचित्रकार त्या जगाचा भाग आहे की पाहुणा, त्याला आत येऊ दिले आहे की तो दुरून पाहतो, चित्र काढल्यावर तो परत जातो की जात नाही, या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. कणकवलीचे इंद्रजित खांबे आपल्या परिसरातील दशावतारी कलावंतांची चित्रे काढतात तेव्हा ते शेजाऱ्याच्या अंतरावरून पाहत असतात. त्यांची काही कामे मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यानेही झालेली आहेत, आणि चित्रांतली जवळीक कोणत्या कॅमेऱ्यातून आली हे विचारण्याची गरज पाहणाऱ्याला भासत नाही.

आता लातूरपुरते एक कल्पित उदाहरण घेऊन परिचय कसा घडतो ते पाहता येईल. समजा, शहरातील एक छायाचित्रकार अनेक वर्षे लग्नांचे काम करतो आणि त्याबरोबरच बारावी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला येणाऱ्या मुलामुलींच्या भाड्याच्या खोल्यांची चित्रे काढतो. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिकवणीच्या पद्धतीमुळे औसा, रेणापूर, चाकूर अशा तालुक्यांतून आणि त्याही पलीकडून मुले इथे येतात, खोली घेऊन राहतात, आणि जवळच्या गावांतून काहींचा जेवणाचा डबा एसटीने येतो. एका छायाचित्र शिष्यवृत्तीसाठी त्याने अठरा चित्रांचा संच केला आहे आणि सोबत परिचय लिहिला आहे.

त्याचा पहिला मसुदा असा: ‘लातूर येथील व्यावसायिक छायाचित्रकार. दोन फुल फ्रेम कॅमेरे, ३५, ८५ व ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्स, ड्रोन आणि स्टुडिओ लाइट्ससह लग्न, प्री-वेडिंग, औद्योगिक व सामाजिक छायाचित्रण.’ फुल फ्रेम म्हणजे ज्या कॅमेऱ्याचा प्रकाशसंवेदक ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो तो. ८५ मिलिमीटरची लेन्स प्रामुख्याने चेहऱ्यांसाठी वापरली जाते. या माहितीत चूक काहीच नाही. परंतु समितीसमोरच्या अठरा चित्रांत ड्रोनने घेतलेले एकही चित्र नाही, चेहऱ्यांचेही एक नाही, आणि ‘सामाजिक’ या एका शब्दात त्याचे खरे काम लपून गेले आहे. मसुद्यातील नामे आणि चित्रांतील वस्तू एकमेकांना भेटत नाहीत, ही अशा परिचयातली पहिली खूण असते.

या मसुद्यावर कोणी आक्षेप घेतला की छायाचित्रकार बहुधा दुसऱ्या टोकाला जातो. दुसरा मसुदा असा होतो: ‘प्रकाश आणि सावलीच्या माध्यमातून मानवी भावनांचा शोध घेणारा, सामान्यातील असामान्य टिपणारा कलावंत.’ सामान गेले खरे, पण त्याच्या जागी जे आले ते आणखी पोकळ आहे, कारण यादीतली प्रत्येक लेन्स निदान अस्तित्वात होती. हे वाक्य बर्फात गस्त घालणाऱ्या जवानांची चित्रे काढणाऱ्यालाही चालेल आणि फुलांची चित्रे काढणाऱ्यालाही चालेल. परिचयातील एखादे वाक्य दुसऱ्या छायाचित्रकाराच्या नावाखाली जसेच्या तसे ठेवता आले तर ते काढून टाकावे, ही कसोटी इथे निर्दयपणे लावावी लागते. दुसऱ्या मसुद्यात ती लावल्यावर काहीही उरत नाही.

तिसऱ्या मसुद्यासाठी शब्दांपासून सुरुवात न करता चित्रांपासून करणे सोयीचे असते. अठराही चित्रे छापून टेबलावर मांडावीत आणि प्रत्येकाखाली चिठ्ठीवर फक्त दिसणाऱ्या वस्तूंची नावे लिहावीत. भावना, संदेश किंवा प्रतीक लिहू नये. या उदाहरणात चिठ्ठ्यांवर लोखंडी कॉट, भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक, पुस्तकांची चळत, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कापडात बांधलेला डबा असे शब्द येतात. जे शब्द पुन्हा पुन्हा येतात, तो विषय. जे शब्द अपेक्षित असूनही एकदाही येत नाहीत, त्यांतून भूमिका कळते: इथे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ हा शब्द कुठेच नाही, कारण सगळी चित्रे मुले शिकवणीला गेलेली असताना रिकाम्या खोलीत काढलेली आहेत.

हे कळल्यावर परिचय असा लिहिता येतो: ‘लातूर येथील छायाचित्रकार. २०१६ पासून ते शिक्षणासाठी आसपासच्या तालुक्यांतून शहरात येणाऱ्या मुलामुलींच्या भाड्याच्या खोल्यांची छायाचित्रे काढत आहेत. मुले शिकवणीला गेलेली असताना, त्यांच्या आणि पालकांच्या संमतीने काढलेल्या या छायाचित्रांत चेहरे नाहीत. वेळापत्रक, पुस्तके, वाळणारे कपडे आणि गावाकडून एसटीने आलेला डबा एवढेच आहे. मूळ गाव सोडून शिक्षणासाठी आलेल्या कुटुंबातच ते स्वतः वाढले. लग्नांचे छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय आहे.’ पन्नास-साठ शब्दांच्या या मजकुरात ‘चेहरे नाहीत’ हे वाक्य सर्वांत जास्त काम करते, कारण त्यामुळे रिकाम्या खोल्या हा छायाचित्रकाराचा निर्णय आहे, हे वाचकाला कळते, आणि अल्पवयीन मुलांची ओळख जपण्याची जबाबदारी त्याने घेतली आहे, हेही कळते. ‘स्वतः वाढले’ हे वाक्य अंतर सांगते. लग्नांच्या कामाचा उल्लेख लपवण्याची गरज नाही; तो शेवटी आणि एका वाक्यात आला की पुरे, कारण पोट कशावर चालते हे वाचकाला कळले म्हणजे हे दुसरे काम किती चिकाटीने केले आहे, त्याचाही अंदाज येतो.

वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहिण्याची ही रीत कधीकधी छायाचित्रकाराला अडचणीतही आणते. २०१६ चे पाणीसंकट हे याचे चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी मांजरा धरण आटले, मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. या काळात चित्रे काढलेले दोन छायाचित्रकार आपल्या परिचयात ‘दुष्काळ’ हा एकच शब्द लिहितील. पण एकाच्या चिठ्ठ्यांवर वाघिणी, नळ्या, पंप, विहीर आणि अधिकारी असे शब्द असतील, तर दुसऱ्याच्या चिठ्ठ्यांवर घागरी, रांग, टँकर, रात्र आणि झोपलेली मुले. पहिल्याचा विषय पाण्याची वाहतूक आहे आणि दुसऱ्याचा विषय पाण्याची वाट पाहणे आहे. दोन्ही विषय खरे आहेत. मात्र पहिल्याने ‘दुष्काळाने होरपळलेल्या माणसांचा आवाज’ असे लिहिले तर त्याची स्वतःचीच चित्रे त्याला खोटे पाडतील. अशा वेळी परिचय चित्रांप्रमाणे बदलावा. चित्रांची निवड परिचयाला शोभेल अशी वाकवू नये, कारण संच पाहणाऱ्याची नजर परिचयावरून चित्रांकडे जाते आणि चित्रांवरून पुन्हा परिचयाकडे येते.

संकटाच्या विषयात आणखी एक काळजी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली, आणि त्या वेळची छायाचित्रे देशभर पोहोचली. त्या गावांतील किंवा पुनर्वसित वस्त्यांतील लोकांवर आजही कोणी काम करत असेल, तर परिचयात ‘किल्लारी’ हे नाव येणे स्वाभाविक आहे. पण ‘भूकंपग्रस्त’ हा शब्द कोणाला लावायचा आणि आणखी किती वर्षे लावायचा, याचा विचार छायाचित्रकाराने करायला हवा. पुनर्वसनानंतर जन्मलेल्या माणसाला त्या एका शब्दात बसवणारा परिचय दीनदयाळांच्या दुष्काळी चित्राच्या शीर्षकापासून फार दूर नाही. ‘पुनर्वसित गावांतील घरे आणि त्यांत तीस वर्षांत झालेले बदल’ असे लिहिले की विषय नेमका होतो आणि माणसे नमुने होत नाहीत.

सामानाचा उल्लेख मग कधीच करू नये का? काही कामांत साधन हाच दृष्टीचा भाग असतो, आणि तिथे ते सांगणे आवश्यक असते. आत्जे तिकाटणीवरचा लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या पट्ट्या वापरत. प्रकाशन, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, त्यात लांबत असे, त्यामुळे हलणारी माणसे पुसट होत आणि दगड, दरवाजे, फरशा ठळक उरत. त्यांच्या पॅरिसची निर्मनुष्यता काही अंशी त्या साधनातून आली आहे. तसेच कोणी लातूरच्या गंजगोलाईचा गोल आणि त्याला मिळणारे रस्ते केवळ सुईच्या छिद्राने प्रतिमा घेणाऱ्या डब्याने टिपत असेल, किंवा मुलांच्याच फोनमधून त्यांच्या खोल्यांची चित्रे गोळा करत असेल, तर ते परिचयात यावे, कारण साधन बदलले तर ते कामच वेगळे होईल. कॅमेरा बदलूनही तेच चित्र आले असते, तर त्याचे नाव दरपत्रकात किंवा चित्राखालच्या तांत्रिक नोंदीत जावे. वर्तमानपत्र, छापखाना आणि उद्योग यांना ती माहिती हवी असते आणि ती मागितल्यावर वेगळ्या कागदावर देता येते.

परिचयाची लांबीही वापराप्रमाणे बदलते. समितीसाठी शंभर-दीडशे शब्दांपर्यंत, प्रदर्शनाच्या भिंतीवर साधारण पन्नास, आणि एखाद्या मासिकातील चित्राखाली पंधरा-वीस. लांब मजकूर कापून लहान करताना लोक सहसा पहिले वाक्य ठेवतात आणि शेवट तोडतात, त्यामुळे ‘लातूर येथील छायाचित्रकार’ एवढेच उरते आणि काम हरवते. त्याऐवजी सर्वांत लहान रूप आधी लिहावे. वरच्या उदाहरणात ते असे होईल: ‘लातूरला शिकायला येणाऱ्या मुलांच्या रिकाम्या खोल्यांची २०१६ पासून छायाचित्रे काढणारे छायाचित्रकार.’ याच्याभोवती मोठी रूपे वाढवली की प्रत्येक रूपात विषय, काळ आणि अंतर टिकून राहतात. छायाचित्रकाराने पुढे खोल्या सोडून, उदाहरणार्थ, एसटीने डबे पाठवणाऱ्या गावाकडच्या घरांकडे कॅमेरा वळवला, तर ‘२०१६ पासून’ हे शब्द ‘२०१६ ते’ असे करून नवा विषय स्वतंत्र वाक्यात लिहावा, आणि जुन्या अठरा चित्रांचा संच त्याच्या जुन्या परिचयासह तसाच जपून ठेवावा.